लोणीबाईंची डाळ का शिजेना

माझ्या सासूबाईंना इस्पितळात सगळे लोणीबाई म्हणायचे. घरी आम्ही आईच म्हणतो, पण तिकडे झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी लोणीबाई. कारण त्यांची डाळ. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात डाळीचं पातेलं त्यांच्याकडे असायचं, आणि ती डाळ अशी मऊ शिजायची की दाणा शोधून सापडायचा नाही. बोळक्या तोंडाचे म्हातारेसुद्धा वाटी तोंडाला लावून मोकळे व्हायचे. कुणी कौतुक केलं की आई म्हणायच्या, "काही नाही हो, पाणी ठेवायचं, डाळ टाकायची आणि हात फिरवायचा." आणि मग तो हात वर करून दाखवायच्या.

आता या हाताने मला किती छळलं ते ऐका. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी डाळ फसली. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, पण झाकण काढलं तर डाळ खाली आणि पाणी वर, दोघांची ओळखसुद्धा नाही. आईंनी एक घास घेतला, दाणा दाताखाली कट्कन वाजवला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हिच्या हाताला डाळ वश नाही रे." झालं! तेव्हापासून माझ्या कपाळावर तो शिक्का बसला. पाव्हणे आले की ओळख करून देताना, "ही आमची सून. शिवणकाम झकास करते, डाळ मात्र हिच्या हाती देऊ नका." वर हसणार. पाव्हणेही हसणार. मी चहा ठेवायला उठून जाणार.

वर्षभर त्यांनी माझी डाळ चाखून नावं ठेवली आणि मग चाखणंच सोडून दिलं. इस्पितळातून रोज येताना स्वतःपुरती डाळ पितळी डब्यात घालून आणायच्या. ताटावर बसलं की डबा उघडायचा, माझ्या पातेल्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. मी म्हणायचे, "आई, एखाद्या दिवशी तुम्हीच दाखवा ना घरी करून." तर म्हणायच्या, "दिवसभर डाळच ढवळून येते. घरी आल्यावर पुन्हा तिचं तोंड दाखवू नकोस बाई." तो डबा मला सवतीसारखा वाटायचा. खोटं कशाला बोलू, घासताना मी त्याला दोनचार वेळा मुद्दाम आपटलाय.

मग इस्पितळाची नवी इमारत झाली आणि स्वयंपाकघर तिकडे हललं. गुळगुळीत ओटे, मोठाले गॅस, भिंतीला पांढऱ्या फरशा. जुनी जागा धुलाईखात्याला चादरी ठेवायला दिली. आई खूश होत्या. पहिल्या दिवशी नवं लुगडं नेसून गेल्या आणि संध्याकाळी आल्या त्या तोंड एवढंसं करून. डब्यात डाळ होती. त्यांनी झाकण उघडलं, चमचा घातला, आणि मी इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला. कट्.

"गॅस नवा आहे," त्या म्हणाल्या. "आच अजून हाताला लागली नाही."

दुसऱ्या दिवशी डाळ जुनी निघाली म्हणून वाण्याला शिव्या. तिसऱ्या दिवशी नवी डाळ आली, तीही तशीच. मग पातेलं बदललं. मग जुनं पातेलं परत आणलं. मदतीला एक तरुण आचारीण होती, तिने मूठभर खायचा सोडा लोटला. डाळ चटकन विरघळली खरी, पण रंग मळकट आणि चव साबणासारखी. आहार बघणाऱ्या मॅडम ओरडल्या, "एवढ्या सोड्याने डाळीतली जीवनसत्त्वं जातात, पेशंटला काय उरणार?" इकडे वॉर्डात जेवणं उशिरा जायला लागली. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात, त्यामुळे नर्सा खाली येऊन भांडायला लागल्या.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी आईंना बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "लोणीबाई, तुम्ही खूप केलंत. हा आठवडा बघू. नाही जमलं तर पातेलं त्या पोरीकडे देऊ, तुम्ही बसून भाजी चिरा." यात अपमान काही नव्हता. पण ज्या बाईला तिच्या डाळीवरून नाव पडलंय, तिला भाजी चिरायला बसवायचं म्हणजे तिचं नावच काढून घेणं की.

आई घरी येऊन खाटेवर बसल्या आणि आपल्या तळव्यांकडे बघत राहिल्या. "हात गेला गं माझा," म्हणाल्या. मला आधी आतून जरा गार वाटलं, हे कबूल करते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि ते गार वाटणं कुठल्या कुठे गेलं.

रविवारी त्या सकाळीच पदर खोचून माझ्या स्वयंपाकघरात आल्या. "सरक," म्हणाल्या. "बघूच दे, हात गेलाय की ती जागाच बाधलीये." नळाखाली पातेलं धरलं, डाळ टाकली, हळद टाकली, टोमॅटो चिरून टाकला, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने. मी बाजूला गहू निवडत बसले. मला काय काय सांगता आलं असतं! पण मी तोंडाला कुलूप लावलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

डाळ उकळत राहिली. पाणी आटलं, पुन्हा घातलं, पुन्हा आटलं. शेवटी त्यांनी डावाने दाणा काढला, बोटांत चिमटला. दाणा फुटला नाही. त्या माझ्याकडे वळल्या. इतकी वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते, काय काय बोलायचं ते पाठ होतं माझं. आणि ऐन वेळी मी म्हणाले, "बसा आई, चहा ठेवते."

पित्तामुळे आई चहा बिनदुधाचा घेतात. मी नळाचंच पाणी उकळून कोरा चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला आणि थबकल्या.

"ही साय कुठली?"

"साय?"

"हे बघ. दूध तर घातलं नाहीस."

चहावर पातळ तवंग होता, करडा, तेलकट दिसणारा. कप हलवला की त्याच्या चिरफळ्या व्हायच्या. मला त्यात काही नवल नव्हतं, आमच्याकडचा कोरा चहा कायम असाच. आईंनी घरी कधी सकाळची घाई सोडून चहाकडे बघितलं असेल तर शपथ. पण आज त्यांचे डोळे बारीक झाले.

"नव्या स्वयंपाकघरातल्या चहावर हीच साय येते," त्या म्हणाल्या. "जुन्या ठिकाणी कधी नव्हती. तिथला चहा काळाकुट्ट व्हायचा, चव म्हणशील तर पुळकवणी, सगळे नाकं मुरडायचे. पण साय नाही. लिंबू आण बघू."

मी लिंबू दिलं. दोन थेंब पडले आणि तवंग नाहीसा झाला, चहाही उजळला. आई कपात बघतच राहिल्या. हात गेल्याचं दुःख बाजूला राहिलं आणि बाईंच्या अंगात एक वेगळंच वारं शिरलं. "थांब, थांब. लिंबू. तिथे मी भातात लिंबू पिळायची. नाही पिळलं तर भात पिवळट आणि चिकट व्हायचा. नव्या ठिकाणी परवा लिंबू विसरले, तर भात पांढरा निघाला, मोकळासुद्धा. म्हणजे डाळ बिघडली आणि भात सुधारला? एकाच हाताने?"

"हाताचं सोडा आई," मी म्हणाले. "तिन्हीत एकच गोष्ट आहे. पाणी."

त्या उठल्या. मोरीवर गेल्या, साबण घेतला, हात चोळले. साबण फुटेना, नुसता पांढरा चिकटा हातावर. "इथेही फेस नाही," त्या म्हणाल्या आणि हात तसेच ओले धरून माझ्याकडे बघून चक्क हसल्या.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर इस्पितळात गेले. पिशवीत बाटल्या होत्या. एकीत आमच्या घरचं पाणी, एकीत नव्या स्वयंपाकघराचं, आणि एक जुन्या स्वयंपाकघरात जाऊन चादरींच्या ढिगाआडच्या नळावरून भरली. आई निघाल्या त्या थेट धुलाईखात्यात. तिथले मुख्य म्हणजे धुलाईमामा. जन्म सगळा साबणात गेलेला, हाताची कातडी भिजून भिजून सुरकुतलेली. पाण्याचं विचारायचं तर यांच्याशिवाय कुणाला?

मामांनी तिन्ही बाटल्यांत साबणाचा सारखा चुरा टाकला, झाकणं लावली आणि मला म्हणाले, "हलवा, सूनबाई. जोर लावा, घरी भांडताना लावता तेवढा." मी हलवल्या. घरच्या आणि नव्या स्वयंपाकघराच्या बाटलीत फेस आला न आला, पाणी नासल्या दुधासारखं झालं. जुन्या नळाच्या बाटलीत मात्र फेस बुचापर्यंत चढला आणि खाली बसायचं नाव घेईना.

"हे तर माझं पाणी!" मामा ओरडले.

"तुमचं कसं? माझ्या नळाचं आहे," आई म्हणाल्या.

मामा आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे एक उंच निळी टाकी होती. त्यांनी समजावलं ते असं. जमिनीखालचं पाणी दगडांतून झिरपत येतं आणि येताना चुना विरघळवून घेऊन येतं. असलं जड पाणी साबण खातं, बॉयलरच्या नळ्यांत दगडासारखा थर धरतं. म्हणून धुलाईचं पाणी आधी या टाकीतून जातं. टाकीत बारीक मणी असतात. ते पाण्यातला चुना धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात मिठातलं सोडियम पाण्यात सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, पुन्हा कामाला तयार.

"आणि हा पाइप?" आईंनी बोट दाखवलं. टाकीतून पाणी बाहेर पडतं तिथून एक गंजका पाइप निघून भिंतीत शिरत होता.

मामांनी डोकं खाजवलं. पाइपाच्या मागे मागे आम्ही भिंतीला वळसा घातला, तर तो निघाला थेट जुन्या स्वयंपाकघरात, आणि त्याची एक फांदी मागच्या जुन्या खोल्यांकडे गेलेली. कधीकाळी कुणा नळवाल्याने लांब जायचा कंटाळा केला आणि जवळ दिसलेल्या पाइपाला जोडून टाकलं. कुणाला पत्ता नाही. इतकी वर्षं इस्पितळाची डाळ धुलाईच्या पाण्यात शिजत होती.

मॅडमना बोलावलं. त्या आल्या, बाटल्या बघितल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मी गॅस बघितला, डाळ बघितली, तुमचं वय बघितलं. पाणी बघायचं सुचलंच नाही." मग त्यांनीच पुढचं सांगितलं. डाळीच्या दाण्यात बारीक बारीक पेशी असतात आणि त्यांना एकमेकींशी चिकटवून ठेवणारी एक खळ असते. फळांचा जॅम जिच्यामुळे घट्ट होतो तीच. शिजताना ही खळ विरघळली की पेशी सुट्या होतात आणि डाळ मऊ पडते. पण पाण्यात चुना असला की तो खळीला धरून बसतो, ती विरघळतच नाही. सोड्यात ती भराभर विरघळते, आणि या टाकीचं पाणी उकळलं की जवळजवळ सोड्याच्या पाण्यासारखंच होतं. म्हणून डाळ लोण्यासारखी, आणि म्हणूनच भात पिवळा, चहा काळा. सोड्याच्या पाण्यात तांदळाचा रंग पिवळ्यावर जातो, लिंबाने परत येतो. आणि चहावरचा तवंग म्हणजे चुना आणि चहा यांनी मिळून धरलेली साय.

मला सगळं ऐकताना गंमत वाटत होती. एका पाण्याचे किती उद्योग! मी आईंकडे बघितलं. त्या धुवायच्या चादरींच्या गाठोड्यावर बसल्या होत्या.

"म्हणजे तो माझा हात नव्हताच," त्या म्हणाल्या. "मणी होते."

मामा गडबडले. "अहो, असं काय, मी नवा पाइप टाकून देतो तिकडे. पुन्हा तीच डाळ!"

मॅडमनी मान हलवली. "नाही मामा. त्या पाण्यात सोडियम आहे. हृदयाचे, किडनीचे पेशंट आहेत आपल्याकडे, त्यांना आपण मीठ मोजून देतो. खरं तर ते पाणी स्वयंपाकाला यायलाच नको होतं." मग आईंना म्हणाल्या, "लोणीबाई, आहे त्याच पाण्यात करावं लागेल. दोष तुमचा नाही हे मला कळलं. पण जेवण वेळेवर गेलंच पाहिजे, हेही आहेच ना."

आम्ही घरी निघालो. माझ्या डोक्यात एकच चक्र. माझ्या लग्नाच्या वेळीच या लोकांनी इस्पितळाच्या मागच्या त्याच जुन्या खोल्या सोडून हे घर घेतलं होतं. म्हणजे नवं घर, नवं पाणी आणि नवी सून, तिघं एकदमच आलो. बोल मात्र एकटीला लागला.

घरी आल्यावर त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याजवळ उभ्या राहिल्या. या वेळी सरक म्हणाल्या नाहीत.

"तू या पाण्यात डाळ शिजवतेस कशी?"

मी म्हणाले, "शिजत नाही ना माझी. वश नाही मला."

"टोमणे नंतर मार. हवे तेवढे मार. आत्ता सांग. माझा मुलगा, नातवंडं इतकी वर्षं तुझी डाळ खातात, ती काही कच्ची खात नसतील. मी शिकायला आलेय. शिकव."

शिकव! मी पाठ फिरवून कोपऱ्यातलं मोठं पातेलं पुढे ओढलं. "हे बघा आई. पाणी आधी नुसतंच खळखळून उकळते. मग झाकून ठेवते, हलवत नाही. तळाशी पांढरी भुकटी बसते. वरचं पाणी वाटीने अलगद काढायचं, खालचं टाकून द्यायचं. कारण मला माहीत नव्हतं. एकदा पोरांना ताप होता म्हणून पाणी उकळून ठेवलं होतं, उरलं ते डाळीला वापरलं, आणि डाळ शिजली. तेव्हापासून."

आईंनी तळातली भुकटी बोटावर घेतली. "हाच का तो चुना! दे ते लिंबू." भुकटीवर लिंबू पिळलं तर ती बुडबुडे सोडत चरचरली. आई लहान पोरीसारख्या वाकून ऐकत राहिल्या. "बोलतोय बघ मेला!" म्हणाल्या.

"आणि डाळ आधी भिजवायची, याच पाण्यात. आणि टोमॅटो, चिंच काही घालायचं नाही दाणा मऊ होईपर्यंत. आंबट पडलं की दाणा हटून बसतो."

"मी तर टोमॅटो पहिलाच टाकते."

"मणी सांभाळून घेत होते तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं, झालं, जास्त बोलले. पण त्या खदखदून हसल्या, पदर डोळ्यांना लागेपर्यंत हसल्या. हसण्यातच कधीतरी रडल्या, ते मला कळलं पण मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर गेल्या, पाणी उकळून निवायला वेळ हवा म्हणून. माझा जीव दिवसभर थाऱ्यावर नव्हता. शिवणाच्या मशीनवर बसले आणि बाही उलटी लावली. एवढ्या मोठ्या पातेल्यात माझी युक्ती चालेल का, जेवणं वेळेवर जातील का, की आई उद्यापासून भाजी चिरतील?

संध्याकाळी त्या आल्या. चपला काढल्या, पाय धुतले. मी विचारायच्या आत म्हणाल्या, "वेळेवर गेली. लोण्यासारखी नाही झाली, पण मऊ झाली. दाणा दिसतो, चावायला लागत नाही. मॅडम म्हणाल्या, ही डाळ डाळीसारखी लागते. पातेलं माझ्याकडेच आहे."

मी सुस्कारा सोडला आणि ताटं घेतली. सवयीने त्यांच्या ताटाशेजारी डब्यासाठी जागा ठेवली. आईंनी पिशवीतून डबा काढला. रिकामा होता, घासून पुसून कोरडा केलेला. त्या स्टुलावर चढल्या आणि तो वरच्या फळीवर, कधीच न लागणाऱ्या भांड्यांच्या मागे ठेवून दिला.

"तिथे सगळ्यांनी विचारलं, कुणी शिकवलं," खाली उतरता उतरता त्या म्हणाल्या. "सांगितलं मी. माझ्या सुनेने. तिचा हात आहे." मग ताटावर बसल्या आणि वाटी माझ्यापुढे धरली. "वाढ."

मी वाढली. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला, डोळे मिटले. मी डाव हातात धरून उभीच.

"बस की आता," त्या म्हणाल्या. "मीठ थोडं कमी आहे."